खाद्यरंगांवरचे उत्तर कसे लिहावे: आठ परवानगीप्राप्त रंग, कोकमातले अँथोसायनिन आणि गाजरातले कॅरोटीन

अन्नतंत्रज्ञान, गृहविज्ञान किंवा अन्न सुरक्षा अधिकारी पदाची परीक्षा असो, "नैसर्गिक व कृत्रिम खाद्यरंगांतील फरक स्पष्ट करा" हा प्रश्न या ना त्या रूपात येतो. बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच तक्ता असतो: डावीकडे "नैसर्गिक – सुरक्षित, महाग", उजवीकडे "कृत्रिम – घातक, स्वस्त". त्यावर अर्धे गुण पडतात, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवलेले असतात. रंग कुठून आला हा एक प्रश्न, कायद्याने त्याला परवानगी आहे का हा दुसरा, आणि तो पदार्थात कसा वागतो हा तिसरा. उत्तर लिहिताना या तिघांना शेवटपर्यंत वेगळे ठेवायचे.

पायरी 1: सुरुवातीलाच तीन प्रश्न सुटे करा

टारट्राझिन कृत्रिम आहे, पण परवानगीप्राप्त आहे. मेटानिल यलोही कृत्रिमच, रासायनिक कुळही तेच म्हणजे अ‍ॅझो, पण तो अन्नात घालायला बंदी आहे. त्यामुळे "कृत्रिम रंग म्हणजे भेसळ" हे वाक्य चुकीचे आहे. भेसळ होते ती परवानगी नसलेला रंग घातल्यावर, किंवा परवानगी असलेला रंग नको त्या पदार्थात वा मर्यादेबाहेर घातल्यावर.

दुसरी बाजू अनेकांना माहीत नसते. भारतीय नियमांनुसार नैसर्गिक रंगद्रव्य निसर्गातून काढलेले असो किंवा कारखान्यात तयार केलेले, ते नैसर्गिक रंगांच्या यादीतच मोजले जाते. बाजारातले पुष्कळसे बीटा-कॅरोटीन संश्लेषित असते, तरी त्यावर "नैसर्गिक रंग" असे लिहिता येते. साखर तापवून, कधी अमोनिया किंवा सल्फाइट वापरून केलेले कॅरॅमलही याच यादीत आहे. उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात हे एक वाक्य आले, की परीक्षकाला कळते की विद्यार्थ्याने नियम वाचला आहे.

पायरी 2: आठ कृत्रिम रंग, कुळासकट

अन्न सुरक्षा व मानके (अन्न उत्पादन मानके आणि अन्न समावेशके) विनियम, 2011 मध्ये आठ कृत्रिम रंग दिलेले आहेत. तीन लाल, दोन पिवळे, दोन निळे, एक हिरवा, असे मोजून ठेवले की एखादा राहत नाही.

| रंग | नाव | आयएनएस क्रमांक | रासायनिक कुळ |
|---|---|---|---|
| लाल | पाँसो 4आर | 124 | अ‍ॅझो |
| लाल | कार्मोइझीन | 122 | अ‍ॅझो |
| लाल | एरिथ्रोसीन | 127 | झँथीन |
| पिवळा | टारट्राझिन | 102 | अ‍ॅझो |
| पिवळा | सनसेट यलो एफसीएफ | 110 | अ‍ॅझो |
| निळा | इंडिगो कार्मिन | 132 | इंडिगॉइड |
| निळा | ब्रिलियंट ब्लू एफसीएफ | 133 | ट्रायअरिलमिथेन |
| हिरवा | फास्ट ग्रीन एफसीएफ | 143 | ट्रायअरिलमिथेन |

कुळाचा रकाना शोभेसाठी नाही. "कोणता रंग कशात वापरू नये?" या उपप्रश्नाचे उत्तर त्यातूनच निघते. एरिथ्रोसीन आम्लात अवक्षेपित होतो, म्हणजे विरघळलेला रंग कणांच्या रूपात खाली बसतो. म्हणून लिंबू सरबत किंवा सोडायुक्त शीतपेयाला तो चालत नाही, डबाबंद चेरीला मात्र शोभतो. इंडिगो कार्मिन उजेडात लवकर उडतो. अ‍ॅझो रंग उष्णता आणि आम्ल बऱ्यापैकी सोसतात, पण अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल किंवा सल्फर डायऑक्साइडसारखे क्षपणकारक सोबत असतील तर साठवणीत फिके पडत जातात.

कुठे चालतात तेही थोडक्यात लिहावे: आइस्क्रीम, बिस्किटे, केक, गोळ्या-चॉकलेटे, मिठाई, जॅम, सरबते, कस्टर्ड पावडर, जेली. डाळी, मसाल्याची पूड, दूध, चहा आणि ताजी फळे-भाज्या यांत कृत्रिम रंग चालत नाही. हळदीच्या पुडीत अगदी टारट्राझिन सापडले तरी ती भेसळच ठरते. "परवानगीप्राप्त" हा शब्द नेहमी पदार्थासोबत वाचायचा असतो.

पायरी 3: 100 पीपीएमचे गणित

रंग एकटा असो वा मिश्रण, खाण्याच्या अंतिम पदार्थात त्याची सर्वसाधारण कमाल मर्यादा 100 पीपीएम, म्हणजे एका किलोत 100 मिलिग्रॅम. काही ठरावीक पदार्थांना 200 पीपीएमपर्यंत मुभा आहे. परीक्षेत गणित येते ते असे: 20 किलो बर्फी करायची आहे, तर जास्तीत जास्त किती रंग घालता येईल?

20 किलो गुणिले 100 मिलिग्रॅम म्हणजे 2,000 मिलिग्रॅम, अर्थात 2 ग्रॅम. पण हा शुद्ध रंग झाला. बाजारातल्या डबीत मीठ किंवा दुसरे भरण मिसळलेले असते. डबीवर रंगाचे प्रमाण 10 टक्के लिहिले असेल, तर 2 भागिले 0.10, म्हणजे 20 ग्रॅम पूड चालेल. ही दुसरी पायरी पुष्कळजण विसरतात. उलट चूकही होते: डबीवर 80 टक्के लिहिलेले असताना मिठाईवाला सवयीने चमचाभर टाकतो आणि मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडतो.

मिश्रणाच्या बाबतीत मर्यादा सगळ्या रंगांच्या बेरजेला लागू होते. हिरव्या बर्फीत 60 पीपीएम टारट्राझिन आणि 60 पीपीएम ब्रिलियंट ब्लू असेल, तर एकेक रंग 100 च्या आत असूनही बेरीज 120 होते आणि नमुना नापास होतो. आणि "अंतिम पदार्थ" म्हणजे पिण्यास तयार पेय. सिरप एकास चार पाण्यात मिसळून प्यायचे असेल, तर मर्यादा त्या पातळ केलेल्या पेयात मोजली जाते.

पायरी 4: अँथोसायनिन, उदाहरण कोकमाचे

नैसर्गिक रंगांच्या भागात नावांची जंत्री देण्यापेक्षा दोनच कुळे नीट समजावावीत. पाण्यात विरघळणारे एक, अँथोसायनिन, आणि तेलात विरघळणारे दुसरे, कॅरोटिनॉइड. बाकीच्यांना (क्लोरोफिल, बीटालेन, कर्क्युमिन) प्रत्येकी एक ओळ पुरे.

अँथोसायनिन हे फ्लॅव्होनॉइड कुळातले रंगद्रव्य. वनस्पतीच्या पेशीतल्या रिक्तिकेत ते विरघळलेल्या रूपात असते. त्याचे दोन भाग असतात: साखर आणि साखर नसलेला गाभा. गाभ्याला अँथोसायनिडिन म्हणतात, साखर जोडल्यावर अँथोसायनिन. या दोन शब्दांची अदलाबदल ही उत्तरपत्रिकांतली नेहमीची चूक. अन्नात प्रामुख्याने सहा अँथोसायनिडिन आढळतात: पेलार्गोनिडिन, सायनिडिन, पिओनिडिन, डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्विडिन.

उदाहरण म्हणून द्राक्षे सगळेच लिहितात. कोकम लिहा. कोकणात आणि गोव्यात होणाऱ्या या फळाच्या सालीत सायनिडिन-3-ग्लुकोसाइड आणि सायनिडिन-3-सांबुबायोसाइड ही दोन मुख्य अँथोसायनिने असतात. शिवाय कोकम स्वतःच खूप आंबट, आणि अँथोसायनिनचा लाल रंग टिकतो तो आम्लातच. त्यामुळे एका फळात रंग आणि त्याला टिकवणारी परिस्थिती दोन्ही सापडतात.

पीएचनुसार होणारा बदल क्रमाने लिहावा. पीएच 1 ते 3 मध्ये फ्लॅव्हिलियम धनायन असते आणि रंग गडद लाल. पीएच 4 ते 5 च्या सुमारास त्यावर पाण्याचा रेणू जोडला जाऊन रंगहीन कार्बिनॉल रूप तयार होते, म्हणून द्रावण फिके पडते. पीएच 6 ते 7 मध्ये क्विनॉइडल रूप, रंग जांभळट-निळा. त्याच्या वर चाल्कोन बनून पिवळसरपणा येतो आणि रेणू तुटू लागतो. कोकमाच्या पातळ पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की लाल रंग जाऊन निळसर छटा येते. लगेच लिंबू पिळले तर लाली बरीचशी परत येते. सोडा घालून तासभर ठेवले तर परत येत नाही, कारण तोवर रेणूच मोडलेला असतो.

मग स्थिरतेवर परिणाम करणारे घटक. इथे यादीपेक्षा कारण लिहिल्याला गुण आहेत. उष्णतेने साखर सुटते आणि मागे राहिलेला गाभा अस्थिर असल्याने पुढे तपकिरी बहुलके तयार होतात. सिरप दीर्घकाळ उकळले की विटकरी दिसते ते म्हणूनच. लोखंड किंवा कथिल यांच्या आयनांशी अँथोसायनिन संयुग बनवते आणि रंग निळसर-जांभळा होतो, म्हणून अशा फळांच्या डब्यांना आतून लाखेचा थर हवा. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घातल्याने पोषण वाढेल असे वाटते, पण ऑक्सिजनच्या सान्निध्यात ते अँथोसायनिनचा रंग घालवते.

सगळ्यात उपयोगी मुद्दा परिरक्षकाचा आहे. सल्फर डायऑक्साइड अँथोसायनिनला चिकटून त्याला रंगहीन करतो. म्हणून कोकम, जांभूळ, डाळिंब यांच्या सरबतांत पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाळून सोडियम बेंझोएट वापरतात, आणि लिंबू किंवा आंब्याच्या स्क्वॅशला मेटाबायसल्फाइट चालते. "असे का?" हा प्रश्न फळप्रक्रियेच्या पेपरात वेगळाही विचारला जातो.

कायद्याबद्दल एक सावधगिरी. 2011 च्या मूळ यादीत बीटा-कॅरोटीन व त्याचे निकटवर्ती, कँथाझँथिन, क्लोरोफिल, रायबोफ्लेविन, कॅरॅमल, शेंद्री, केशर आणि हळदीतले कर्क्युमिन ही नावे आहेत, अँथोसायनिन नाही. नंतर अन्नगटांनुसार जे तक्ते आले, त्यांत द्राक्षाच्या सालीचा अर्क 163(ii) या क्रमांकाने ठरावीक पदार्थांसाठी येतो. त्यामुळे "अँथोसायनिन सर्व पदार्थांत चालते" असे लिहू नये. सोलकढीतले कोकम मात्र रंग म्हणून टाकलेले समावेशक नाही, तो त्या पदार्थाचा घटकच आहे.

पायरी 5: अँथोसायनिन मोजण्याचे गणित

ही पद्धत वरच्याच रसायनावर उभी आहे. पीएच 1.0 ला अँथोसायनिन रंगीत, पीएच 4.5 ला जवळपास रंगहीन. तपकिरी झालेले बहुलक दोन्हीकडे सारखेच दिसते, म्हणून वजाबाकी केली की फक्त चांगले उरलेले अँथोसायनिन मोजले जाते.

गाळलेल्या अर्काचे दोन सारखे भाग घ्या. एक पोटॅशियम क्लोराइडच्या बफरने (पीएच 1.0) आणि दुसरा सोडियम अ‍ॅसिटेटच्या बफरने (पीएच 4.5) सारख्याच पटीने पातळ करा. 15 ते 20 मिनिटे थांबून दोन्हींचे शोषण 520 आणि 700 नॅनोमीटरवर घ्या. 700 वरचे वाचन गढूळपणा वजा करण्यासाठी असते.

```
A = (A520 − A700) pH 1.0 − (A520 − A700) pH 4.5
C (mg/L) = A × MW × DF × 1000 / (ε × l)
MW = 449.2, ε = 26900, l = 1 cm
```

MW म्हणजे रेणुभार आणि ε म्हणजे मोलर शोषणांक; हे दोन्ही आकडे सायनिडिन-3-ग्लुकोसाइडचे आहेत. DF म्हणजे पातळ करण्याची पट, l म्हणजे प्रकाशमार्गाची लांबी. समजा अर्क 10 पट पातळ केला. पीएच 1.0 ला वाचने 0.780 आणि 0.020, पीएच 4.5 ला 0.140 आणि 0.020. मग पहिला फरक 0.760, दुसरा 0.120, आणि A = 0.640.

```
C = 0.640 × 449.2 × 10 × 1000 / 26900 = 106.9 mg/L
```

उत्तर "106.9 मिग्रॅ प्रति लिटर, सायनिडिन-3-ग्लुकोसाइड समतुल्य" असे लिहावे. "समतुल्य" गाळले तर एकक अर्धवट राहते, कारण अर्कात इतर अँथोसायनिनेही असतात. पातळ करण्याची पट विसरल्यास उत्तर दहा पटींनी कमी येते. प्रयोगात पीएच 4.5 चे वाचन पीएच 1.0 इतकेच येऊ लागले, तर एक तर अर्क जुना होऊन तपकिरी झाला आहे, नाहीतर कोकमासारख्या तीव्र आम्लाने बफरला हरवले आहे. मिश्रणाचा पीएच तपासला की दोहोंपैकी काय झाले ते कळते. नमुना मिसळताना तो एकूण आकारमानाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त घेऊ नये, ते याचसाठी.

पायरी 6: कॅरोटिनॉइड, प्रत्येक मुद्द्यावर उलटे

अँथोसायनिन नीट लिहून झाले की कॅरोटिनॉइड तुलनेने सोपे. 40 कार्बनचा सांगाडा, आठ आयसोप्रीन एककांचा. तेलात विरघळणारे, पेशीत रिक्तिकेऐवजी वर्णलवकात. रंग येतो तो एकाआड एक दुहेरी बंधांच्या लांब साखळीमुळे. फक्त कार्बन-हायड्रोजन असेल तर कॅरोटीन (गाजरातले बीटा-कॅरोटीन, टोमॅटोतले लायकोपीन), ऑक्सिजनही असेल तर झँथोफिल (झेंडूतले ल्युटिन, लाल मिरचीतले कॅप्सँथिन).

पीएच बदलला तरी याचा रंग फारसा बदलत नाही. शत्रू वेगळे आहेत: ऑक्सिजन आणि उजेड. दुहेरी बंध तुटले की साखळी लहान होते आणि रंग उडतो. म्हणून पारदर्शक बरणीत उन्हात ठेवलेले तिखट फिके पडते, आणि काप सुकवण्याआधी गाजराला वाफ दिली की लायपॉक्सिजिनेज विकर निष्क्रिय होऊन रंग जास्त टिकतो. उष्णतेने ट्रान्स रूपाचे सिस रूप होते, त्याने रंग थोडा फिकट होतो आणि अ जीवनसत्त्वाचे मूल्य घटते.

अ जीवनसत्त्वाबद्दल नेमके लिहावे. रेणूच्या निदान एका टोकाला बदल न झालेले बीटा-आयोनोन वलय हवे. बीटा-कॅरोटीनमध्ये अशी दोन आहेत. लायकोपीनमध्ये एकही नाही, म्हणून टोमॅटोचा लाल रंग अ जीवनसत्त्व देत नाही. आणि एक हमखास विचारला जाणारा अपवाद: केशरातले क्रोसिन कॅरोटिनॉइड कुळातले असूनही पाण्यात विरघळते, कारण त्याच्या दोन्ही टोकांना साखरेचे रेणू जोडलेले असतात. शेंद्रीचेही तसेच: बियांवरचे बिक्सिन तेलात विरघळते, पण अल्कलीने त्याचे नॉरबिक्सिन केले की ते पाण्यात उतरते आणि चीजला रंग द्यायला वापरता येते.

पायरी 7: ओळखायची चाचणी, आणि ती काय सांगत नाही

बेसन किंवा हळदीतला मेटानिल यलो ओळखायला थोडी पूड पाण्यात ढवळून त्यात संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकतात. गुलाबी-किरमिजी रंग आला की विद्यार्थी "भेसळ आहे" असे लिहून मोकळे होतात. हळदीतले कर्क्युमिनही संहत आम्लात लालसर होते. म्हणून पुढची पायरी लिहायलाच हवी: भरपूर पाणी घाला. लाली गेली तर ती हळदीची, टिकली तर मेटानिल यलोची.

प्रयोगशाळेत लोकरीची चाचणी करतात. मिठाईसारख्या पिष्टमय पदार्थातून 70 टक्के अल्कोहोलमधल्या 2 टक्के अमोनियाने रंग काढून घेतात, अल्कोहोल उडवतात, उरलेले सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात घेऊन त्यात पांढऱ्या, तेल काढलेल्या लोकरीचा धागा उकळतात. धागा धुऊन सौम्य अमोनियात पुन्हा उकळला की कृत्रिम आम्लधर्मी रंग सुटतो. ते द्रावण परत आम्ल करून दुसरा धागा टाकला की तोही रंगतो. हळद, शेंद्री यांचे काही रंग पहिला धागा डागाळतात, पण दुसऱ्या फेरीत टिकत नाहीत. दुसरा धागा कशाला, याचे उत्तर एवढेच.

या चाचणीची मर्यादा लिहिणारे फार थोडे. परवानगीप्राप्त आठही रंग आम्लधर्मी आहेत, पण मेटानिल यलो आणि ऑरेंज II हेसुद्धा आम्लधर्मीच. धागा रंगला म्हणजे रंग कृत्रिम आहे एवढेच कळते, परवानगीचा आहे का ते नाही. त्यासाठी कागदी वर्णलेखन करून ज्ञात रंगांच्या ठिपक्यांशी ताडून पाहावे लागते. आणि रोडामिन बी आम्लधर्मी नसून अल्कधर्मी रंग आहे. तो शोधायला धागा अमोनियायुक्त द्रावणात उकळून मग अ‍ॅसेटिक आम्लाने रंग सोडवायचा असतो. हाच रंग फेब्रुवारी 2024 मध्ये तामिळनाडूत कापूसकँडीत, म्हणजे आपल्या म्हातारीच्या केसांत सापडला आणि तिथे विक्रीवर बंदी आली. मार्च 2024 मध्ये कर्नाटकाने कापूसकँडी आणि गोबी मंचुरियन यांत कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली. चालू घडामोडींचे उदाहरण हवे असेल तर हे द्यावे, पण रोडामिन बी "मर्यादेपेक्षा जास्त" होता असे लिहू नये. त्याला मर्यादाच नाही, तो अन्नात मुळी चालतच नाही.

जुन्या नोट्समध्ये काय तपासावे

जुन्या पुस्तकांत अमरँथ, फास्ट रेड ई आणि ग्रीन एस हीही परवानगीप्राप्त यादीत दिसतील. ती भारतात आता गाळलेली आहेत. एरिथ्रोसीनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी 2025 मध्ये अन्नातली परवानगी रद्द केली; नर उंदरांमध्ये थायरॉइडच्या गाठी आढळल्याच्या अभ्यासांवरून, तिथल्या कायद्यातल्या कर्कजन्य पदार्थांविषयीच्या कलमाखाली. युरोपात टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइझीन आणि पाँसो 4आर यांच्यासह सहा रंगांच्या वेष्टनावर जुलै 2010 पासून मुलांच्या वागण्या-लक्षावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना बंधनकारक आहे. ही माहिती "जागतिक स्थिती" म्हणून वेगळ्या दोन ओळींत द्यावी. भारतीय नियमांच्या परिच्छेदात ती मिसळली तर "एरिथ्रोसीन बंदी आहे" असे चुकीचे विधान तयार होते.

आणि बीट. "अँथोसायनिनची उदाहरणे: जांभूळ, कोकम, बीट" हे वाक्य दर परीक्षेत दिसते. बीटाचा लाल रंग बीटालेन आहे, त्यात नायट्रोजन असतो, पीएच 3 ते 7 मध्ये तो फारसा बदलत नाही पण उकळल्यावर लवकर मरतो. एकाच वनस्पतीत बीटालेन आणि अँथोसायनिन दोन्ही आजवर आढळलेले नाहीत.